ईद-ए-मिलाद ४ला, ५ला की ८ला? बारा रबीउलअव्वल एकाच दिवशी का येत नाही?

घोडबंदर_मृणाल (१० सप्टेंबर २०२५, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटला. नवऱ्याचं परळला. मला ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी ५ तारखेला मिळाली, त्याला सोमवारी ८ला. शेजारच्या भाभींचा भाऊ जेद्दाहला असतो. तो फोनवर म्हणाला की त्यांच्याकडे १२ रबीउलअव्वल, म्हणजे मिलादची तारीख, ४ तारखेलाच होऊन गेली. वाशीला माझी एक बोहरा मैत्रीण आहे, तिच्याकडेही ४लाच होती. ऑफिसातले एक सहकारी शिया आहेत. ते म्हणाले, "आमची अजून यायची आहे."

सुट्टीबद्दल माझी काही तक्रार नाही. मला एवढंच समजून घ्यायचंय की बारा तारीख म्हणजे बारा तारीख, मग ती घरागणिक वेगळी कशी निघते? कोणीतरी मोजण्यात चुकतंय, की मोजायची पद्धतच वेगवेगळी आहे? भाभींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चांद पे है सब." त्याच्या पुढे त्यांनाही सांगता येईना.

नेरूळ_सेक्टर (१० सप्टेंबर, रात्री १०:०५)

ताई, नेरूळ-वाशी ठाणे जिल्ह्यातच येतं, म्हणजे आपली सुट्टी ५लाच. तुमच्या मिस्टरांची ८ला, कारण बदल फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांपुरता होता. आमच्या कंपनीने मात्र दोन्ही दिवस कामावर बोलावलं आणि बदली रजा अजून दिलेली नाही. यावर कुठे दाद मागायची कोणाला माहीत आहे का?

तिथीवाचक (१० सप्टेंबर, रात्री १०:३०)

नेरूळकर, त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्न बाजूला पडेल.

मृणालताई, उत्तर सोपं आहे. मुसलमानी महिना अमावास्येनंतर चंद्रदर्शनाने सुरू होतो. सौदीत चंद्र आपल्या आधी एक दिवस दिसतो, म्हणून त्यांच्या तारखेत एक मिळवला की आपली तारीख येते. रमजान ईदलाही तेच होतं, दरवर्षी बघतो आपण.

पारसिककर (११ सप्टेंबर, सकाळी ७:१५)

मी कौशाला राहतो. शाळेत गणित शिकवायचो, आता निवृत्त आहे. गेली बरीच वर्षं दर महिन्याच्या चांदरातीला पश्चिमेकडे बघायचा शिरस्ता आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी ८ तारीख बाजूला काढू. तिचा चंद्राशी संबंधच नाही. ६ तारखेला अनंत चतुर्दशी होती. लागोपाठ दोन दिवस दोन मोठ्या मिरवणुकांचा ताण नको म्हणून मुंबईत जुलूस सोमवारी काढायचं ठरलं आणि सुट्टी त्याच्यामागे गेली. मुंबईतही १२ रबीउलअव्वल ५ तारखेलाच होती. त्या दिवशी लोकांनी घरी दुरूद पढलं, मशिदीत बयान झालं. पुढे गेला तो जुलूस, तारीख नाही. म्हणजे खरा प्रश्न ४ आणि ५चा उरतो.

तिथीवाचक, "सौदी अधिक एक" हे पुष्कळदा जुळतं, पण तो नियम नाही. या वेळचंच बघा. अबूधाबी-दुबई सौदीला किती जवळ, तरी त्यांची बारा तारीख आपल्यासारखी ५लाच होती. चंद्र "सौदीत आधी दिसतो" एवढंच कारण असतं तर शेजारच्या देशात एक दिवसाचा फरक पडला नसता.

झालं ते असं. तुमच्या पंचांगात अमावास्या २३ ऑगस्टला, शनिवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास संपली. अमावास्या संपते तो क्षण म्हणजे चंद्र सूर्याला मागे टाकून पुढे निघाला तो क्षण. त्या दिवशी ठाण्यात सूर्य मावळला तेव्हा चंद्र जेमतेम सव्वासात तासांचा होता. मक्केत सूर्यास्त आपल्यानंतर होतो, तिथे तो साडेनऊ तासांच्या आसपास भरला. एवढा कोवळा चंद्र पृथ्वीवर कोणालाच डोळ्यांनी दिसत नाही. सूर्यापासून साधारण सात अंश दूर जाईपर्यंत त्याची कोरच धरत नाही, आणि त्या संध्याकाळी तो तेवढा दूर गेलाच नव्हता.

मग सौदीने महिना २४ ऑगस्टला सुरू कसा केला? कारण तिथलं रोजच्या कारभाराचं कॅलेंडर, उम्मुल कुरा, आगाऊ गणिताने छापलेलं असतं. त्याला दोनच गोष्टी लागतात: मक्केत सूर्यास्ताच्या आधी अमावास्या संपलेली असावी आणि चंद्र सूर्यानंतर मावळावा. नंतर म्हणजे किती, हे विचारलंच जात नाही, दोन मिनिटंही पुरतात. २३ तारखेला दोन्ही अटी कागदावर पुऱ्या झाल्या. रमजान आणि हजसाठी तिथेही साक्ष घेतात. पण मिलादची तिथे सुट्टीच नसते, तो दिवस सरकारी पातळीवर पाळलाच जात नाही, त्यामुळे छापील तारीखच चालते. भाभींच्या भावाने भिंतीवरचं कॅलेंडर वाचून दाखवलं, आणि ते त्या कॅलेंडरप्रमाणे बरोबरच आहे.

आपल्याकडे हिशोब डोळ्यांचा आहे. २४ तारखेच्या संध्याकाळी चंद्र एकतीस तासांचा झाला होता, म्हणजे मोकळ्या आकाशात सहज दिसावा असा. आमच्याकडे पारसिकच्या डोंगरावर ढग होते, मला काही दिसलं नाही. ऑगस्टमध्ये ठाणे-मुंबईत बहुतेक हेच होतं. म्हणून हिलाल कमिटी बाहेरगावच्या साक्षी घेते: कोणी पाहिला, किती जणांनी, कुठल्या दिशेला, सूर्य कुठे होता. २५ ऑगस्ट ही एक तारीख धरली की बारा ५ सप्टेंबरला येते, बोटांवर मोजा.

तिथीवाचक (११ सप्टेंबर, सकाळी ९:२०)

सर, पटलं. मी निकाल बघून नियम बांधला होता. तरी एक शंका आहे. २४ तारखेला चंद्र दिसणार हे गणिताने आधीच ठरलेलं होतं. पंचांगातही त्या दिवशी "चंद्रदर्शन" ही ओळ असतेच. मग साक्षी कशाला गोळा करायच्या?

पारसिककर (११ सप्टेंबर, सकाळी १०:०२)

२४ तारखेसारख्या संध्याकाळी गणित आणि डोळा एकच सांगतात. अडचण येते चंद्र पंधरा ते वीस तासांचा असतो तेव्हा. तेव्हा हवेतली धूळ, दमटपणा, बघणाऱ्याची नजर, सगळं आड येतं आणि गणित "कदाचित" म्हणून थांबतं. एक मात्र मला पटतं: कोर दिसणं अशक्य असेल तेव्हा गणिताचा "नाही" मानावा. सव्वासात तासांचा चंद्र पाहिला असं कोणी सांगत आला तर त्याने ढगाची कड किंवा विमानाची धुराची रेघ पाहिलेली असते. आमच्या मोहल्ल्यातले काही जाणते लोक हेही मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, हुकूम बघायचा आहे, मोजायचा नाही. त्यांच्याशी माझा वाद होतो, पण त्यांचा मुद्दा हलका नाही.

मिसरी_वाशी (११ सप्टेंबर, दुपारी १:४५)

मृणाल ज्या मैत्रिणीबद्दल लिहितेय ती बहुधा मीच. आमचं ४ तारखेला आलं ते सौदीमुळे नाही, योगायोगाने जुळलं. आमचं मिसरी कॅलेंडर फातिमी काळापासून ठरलेलं आहे. पहिला महिना तीसचा, दुसरा एकोणतीसचा, असं पुढे आलटून पालटून. तीस वर्षांत अकरा वर्षं अशी की शेवटच्या महिन्यात एक दिवस वाढतो. चंद्र बघायला कोणी गच्चीवर जात नाही. या वर्षी आमचा पहिला मोहरम २६ जूनला होता. तीस आणि एकोणतीस मिळून एकोणसाठ दिवस पुढे गेलं की २४ ऑगस्ट, तो पहिला रबीउलअव्वल. माझ्या मुलीला पुढच्या दहा वर्षांची मिलाद आजच सांगता येते.

आणि एक. आमचा दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलतो. आमच्या मशिदीत मिलादची मजलिस ३ तारखेच्या रात्री झाली, कारण बारावी रात्र तीच. शेजारणीने विचारलं की तुमचं ३ला होतं का! अर्ध्या गैरसमजाचं मूळ इथेच असतं असं मला वाटतं.

घोडबंदर_मृणाल (११ सप्टेंबर, दुपारी ३:१०)

हो गं, तूच ती! म्हणजे भाभी ४ तारखेच्या रात्री नटूनथटून निघाल्या होत्या ती त्यांची बारावी रात्र होती, आणि मला वाटलं त्यांनी भावाचं ऐकून ४ला केलं.

सर, अजून एक विचारते. गेली दोन-तीन वर्षं मिलाद आणि अनंत चतुर्दशी नेहमी चिकटूनच येतायत. हे लहानपणी कधी पाहिल्याचं आठवत नाही.

तिथीवाचक (११ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०)

हे मी सांगतो, हे माझ्या अंगणातलं आहे. डोळ्यांना दिसते ती कोर बहुतेक वेळा बीजेची. दुसऱ्या दिवशी त्यांची एक तारीख, म्हणजे सूर्योदयाला आपली द्वितीया किंवा तृतीया. तिथून अकरा दिवस पुढे गेलं की त्रयोदशी किंवा चतुर्दशी. म्हणजे त्यांची बारा तारीख कुठल्याही महिन्यात आपल्या शुद्ध तेरस-चौदसलाच असते. त्यांचा रबीउलअव्वल आपल्या भाद्रपदावर बसला की मिलाद अनंत चतुर्दशीला खेटून येणारच. २०२३ला दोन्ही २८ सप्टेंबरला आले आणि जुलूस २९ला निघाला. २०२४ला मिलाद १६ सप्टेंबरला आणि चतुर्दशी १७ला, म्हणून मुंबईत सुट्टी १८वर गेली. या वर्षी ५ आणि ६.

आपण अधिक महिना घालून वर्ष ऋतूंना बांधून ठेवतो, ते घालत नाहीत. २०२३ला अधिक श्रावण होता, त्यानंतर हे महिने एकमेकांवर बसले. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे आपला भाद्रपद एक महिना पुढे सरकेल, अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला जाईल आणि मिलाद श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी येईल. भाद्रपदाशी पुन्हा गाठ पडायला साधारण बत्तीस-तेहतीस वर्षं. मृणालताईंना लहानपणचं आठवत नाही ते म्हणूनच.

राबोडीची_नात (११ सप्टेंबर, रात्री ९:५५)

मी राबोडीत वाढले. आमची दादी "ईद-ए-मिलाद" कधीच म्हणायची नाही, ती म्हणायची बारावफात. फातेहा द्यायची, गोड भात करायची, पण नवे कपडे घालू द्यायची नाही. तिचं म्हणणं होतं की हुजूर, म्हणजे पैगंबर, याच तारखेला दुनियेतून गेले, तर नटायचं कसं? माझे चुलते जुलूसमध्ये पुढे असायचे, त्यांचं म्हणणं उलटं. दरवर्षी त्या दिवशी आमच्या घरात दादी एका खोलीत कुराण घेऊन आणि चुलते बाहेर हिरवा झेंडा बांधताना. दादी २०१९ला गेली. या वर्षी ५ तारखेला मी कपाट उघडून नवा ड्रेस हातात घेतला आणि परत ठेवला. जन्म आणि वफात दोन्ही बारालाच, हे नक्की आहे का? मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

पारसिककर (१२ सप्टेंबर, सकाळी ६:५०)

बेटा, तुझ्या दादीचा शब्द जुना आहे. आमच्या घरीही लहानपणी बारावफातच म्हणत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी मोजून दाखवतो, कारण यात वही-पेन्सिलीने तपासता येण्यासारखं काही आहे.

वफातीचा वार सोमवार, यावर सगळे एकमत आहेत. वर्ष हिजरी ११, महिना रबीउलअव्वल. त्याच्या तीन महिने आधी अखेरचा हज झाला आणि अरफातचा दिवस, ९ जिलहज, शुक्रवार होता. हेही पक्कं मानलं जातं. नववी शुक्रवारी, तर पहिली गुरुवारी. आता जिलहज, मोहरम आणि सफर हे तीन महिने ओलांडले की पहिला रबीउलअव्वल येतो. प्रत्येक महिना २९चा किंवा ३०चा, म्हणजे तिन्ही मिळून कमीत कमी ८७ दिवस आणि जास्तीत जास्त ९०. सातने भागून बाकी बघ. गुरुवारपासून ८७ दिवसांनी रविवार, ८८ने सोमवार, ८९ने मंगळवार, ९०ने बुधवार. पहिली तारीख या चारांपैकी कुठल्यातरी वारी. तिच्यात अकरा दिवस मिळव, बारावी येते गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी किंवा रविवारी. सोमवारी येतच नाही, कसंही मोजलंस तरी.

ही अडचण आजची नाही. अंदलुसच्या सुहैलींनी ती आठशे वर्षांपूर्वी मांडली. इब्न कसीरांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं, कारण ते आपल्या ४-५च्या भानगडीसारखंच आहे. ते म्हणतात, मक्केत जिलहजचा चंद्र एक दिवस आधी दिसला असेल आणि मदिनेत एक दिवस नंतर. मदिनेत पहिली शुक्रवारी धर आणि तिन्ही महिने तीस-तीसचे धर. शुक्रवारपासून ९० दिवसांनी गुरुवार, तो पहिला रबीउलअव्वल. त्यात अकरा मिळवले की सोमवार! वफात मदिनेत झाली, म्हणून तारीख मदिनेची.

तिथीवाचक (१२ सप्टेंबर, सकाळी ८:४०)

वहीत मांडून पाहिलं. बरोबर येतं. पण सर, लागोपाठ तीन महिने तीसचे होऊ शकतात का? मला ओढून आणल्यासारखं वाटतं.

पारसिककर (१२ सप्टेंबर, सकाळी ९:१५)

होऊ शकतात, क्वचित चारही. त्या वर्षी तसंच झालं हे मात्र कोणी सिद्ध करू शकत नाही. म्हणून काहींनी वफात पहिल्या किंवा दुसऱ्या रबीउलअव्वलला धरली आहे. तिथे इतकी ओढाताण करावी लागत नाही.

जन्माच्या बाबतीत तर वहीचा आधार अजून कमी. सोमवार पक्का आहे, कारण सोमवारच्या रोज्याबद्दल विचारल्यावर "त्या दिवशी मी जन्मलो" असं हुजूर म्हणाल्याची हदीस आहे. तारीख त्यात नाही. बारा ही तारीख जुने चरित्रकार इब्न इस्हाक यांच्याकडून येते आणि तीच सगळीकडे रुळली. दोन, आठ, दहा असं म्हणणारेही जुन्या काळापासून आहेत.

वाशी_सतरा (१२ सप्टेंबर, दुपारी १२:३०)

आमच्या शियांमध्ये १७ रबीउलअव्वल. तीच इमाम जाफर सादिक यांच्याही जन्माची तारीख. मृणालजींचे सहकारी तेच म्हणत असणार, आमच्या हिशोबाने १० सप्टेंबर. म्हणजे हा धागा निघाला त्याच दिवशी. आणि सर, मी ९ तारखेबद्दलही वाचलंय, की ती शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालेली आहे. मग सगळ्यांनी तीच का मानू नये?

पारसिककर (१२ सप्टेंबर, दुपारी २:०५)

मुबारक, उशिरा का होईना.

नऊचं गणित इजिप्तचे खगोलज्ञ महमूद पाशा अल-फलकी यांनी एकोणिसाव्या शतकात केलं. हुजूरांचे छोटे साहबजादे इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागलं होतं. ते ग्रहण गणिताने २७ जानेवारी ६३२ला येतं. तो एक पक्का खुंटा धरून ते मागे मोजत गेले आणि त्यांना सोमवार, ९ रबीउलअव्वल, २० एप्रिल ५७१ ही तारीख मिळाली. उर्दू सीरतमध्ये शिबली नोमानींनी तीच घेतली, म्हणून आपल्याकडे बऱ्याच जणांनी ती वाचलेली असते.

गणित सुंदर आहे, पण "सिद्ध" म्हणायला मी कचरतो. इस्लामच्या आधी अरब लोकही अधूनमधून महिना पुढे ढकलायचे, तिथीवाचकांच्या अधिक महिन्याच्या जवळपासची गोष्ट. त्याला नसी म्हणत. ती पद्धत बंद झाली थेट त्या अखेरच्या हजच्या काळात. त्याआधीच्या साठ वर्षांत किती वेळा आणि कधी महिना ढकलला याची नोंद नाही. मग ५७१ साली मक्केतले लोक ज्याला रबीउलअव्वल म्हणत होते तो महिना आपण मोजलेलाच होता कशावरून? खुंटा पक्का आहे, दोरी मध्येच कुठे सैल आहे ते दिसत नाही.

वाशी_सतरा (१२ सप्टेंबर, दुपारी २:४०)

सैल दोरी मान्य. पण आमच्याकडे सतरा ही गणिताने आलेली नाही, घराण्याकडून आलेली आहे. घरच्यांना घरातल्या जन्माची तारीख बाहेरच्यांपेक्षा जास्त माहीत असते, असं आम्ही मानतो.

पारसिककर (१२ सप्टेंबर, दुपारी ३:००)

याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि वहीत मांडून सुटेल असा हा मुद्दाही नाही.

राबोडीची_नात (१२ सप्टेंबर, रात्री १०:२०)

सर, तुमचं उत्तर दोनदा वाचलं आणि वार मोजून पाहिले. दादी आणि चुलते दोघेही ज्या बारा तारखेवर अडून होते ती इतकी हलती आहे हे त्यांना माहीत असतं तर त्यांचं काय झालं असतं, सांगता येत नाही. दादीने तरी नवे कपडे घातले नसते. चुलत्यांना तुमचं वफातीचं गणित वाचून दाखवलं. ते म्हणाले, "सोमवार तर दोन्हीकडे आहे ना? मग मी सोमवारी रोजा ठेवतो." या सोमवारपासून ठेवणार आहेत.

घोडबंदर_मृणाल (१३ सप्टेंबर, सकाळी ८:००)

भाभींना सगळा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. त्यांनी लगेच विचारलं, पुढच्या वर्षी कधी? सर, सांगता येईल का?

पारसिककर (१३ सप्टेंबर, सकाळी ८:३५)

२५ किंवा २६ ऑगस्ट २०२६. त्यापलीकडे आज सांगता येणार नाही, आणि हेच ते "कदाचित"वालं वर्ष आहे. अमावास्या १२ ऑगस्टच्या रात्री अकराच्या सुमारास संपते. १३च्या संध्याकाळी ठाण्यात चंद्र वीस तासांचा असेल. आकाश मोकळं असेल तर दिसण्यासारखा, पण श्रावणाची सुरुवात, ढग असणारच. कुठून साक्ष आली तर २५, नाही आली तर २६.

१३ला सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मी पारसिकच्या डोंगरावर असेन. दुर्बिणीने आधी जागा हेरायची आणि मग नुसत्या डोळ्यांनी बघायचं. सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण तिकडे फिरवायची नाही, डोळा जातो. भाभींना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन या. वर शेवटचा टप्पा निसरडा आहे, पावसाळी बूट घाला.